डी कुणाची, पाय कुठं पडला आणि रेफ्रीचा हात वर का गेला

प्रश्न: सर, आमच्या शाळेत यंदाच हँडबॉल चालू झालाय. परवा मॅचमध्ये मी गोल मारला तर रेफ्री म्हणाले पाय डीमध्ये होता, गोल नाही. पण नंतर समोरच्या टीमचा पोरगा शॉट मारून अख्खाच्या अख्खा डीमध्ये जाऊन पडला, तो गोल दिला! असं कसं? आणि शेवटी आम्ही एका गोलनं पुढं होतो, नीट पास करत होतो, काही फाउल नाही काही नाही, रेफ्रीनं हात वर केला आणि थोड्या वेळानं बॉलच काढून घेतला. पॅसिव्ह म्हणाले. पॅसिव्ह म्हणजे काय आणि डीमध्ये नक्की कोण जाऊ शकतं, जरा नीट समजावून सांगा ना.

उत्तर:

तुझा गोल नाकारला तेही बरोबर आणि त्याचा दिला तेही बरोबर. राग येईल पण खरंय. मी पोरांना शिकवतोही आणि शिट्टीही वाजवतो, त्यामुळं हे भांडण मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय.

आधी डी म्हणजे नक्की काय ते डोळ्यासमोर आण. गोल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच. एका खांबाच्या आतल्या मागच्या कडेला खुंटी ठोकायची, ६ मीटरची सुतळी बांधायची आणि फक्कीनं पाव वर्तुळ काढायचं, मग दुसऱ्या खांबापासून तसंच, आणि ही दोन पाव वर्तुळं समोर ३ मीटरच्या सरळ रेषेनं जोडायची. झाली डी. बऱ्याच शाळांत गोलच्या मधोमध खुंटी ठोकून एकच अर्धगोल काढतात, ती डी चुकीची, कडेनं दीड मीटर लहान पडते. मापायचं असेल तर गोल लाइनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लाव, ६ अधिक ३ अधिक ६ असं १५ मीटर आलं पाहिजे. मैदान २० मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना फक्त अडीच अडीच मीटर उरतात, विंगवाला बिचारा तेवढ्या पट्ट्यात खेळतो. हे लक्षात ठेव, पुढं कामाला येईल. (डीच्या बाहेर ९ मीटरवर जी तुटक रेषा असते ती फ्री थ्रोची, तिचा डीशी गोंधळ करू नकोस.)

आता मुख्य गोष्ट. डीची जमीन फक्त गोलकीपरची, पण डीवरची हवा सगळ्यांची. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

जमीन म्हणजे रेषेसकट. रेषा डीचाच भाग आहे, त्यामुळं बुटाचं टोक रेषेला लागलं तरी तू आत. कबड्डीत कसं शरीराचा कुठलाही भाग बाहेर टेकला की गेला, तसंच इथं उलटं, कुठलाही भाग आत टेकला की आत. पण तू बाहेरून उडी मारलीस, हवेत डीच्या वर आहेस, अजून काहीच टेकलेलं नाही, तर तू नियमाच्या दृष्टीनं आत गेलेलाच नाहीस. त्या हवेत असतानाच बॉल हातातून सुटला की झालं, त्यानंतर तू आत पडलास, लोळलास, गोलकीपरच्या पायाशी जाऊन थांबलास तरी गोल गोलच. फक्त पडल्यावर कुणाला अडथळा न करता लगेच बाहेर यायचं.

म्हणजे रेफ्री दोनच गोष्टी बघतो: उडी मारताना शेवटचा पाय कुठं होता, आणि आत टेकायच्या आधी बॉल सुटला का. परवा तुझा टेकऑफचा पाय रेषेवर असणार. त्या पोराचा बाहेर होता आणि बॉल हवेतच सुटला होता. बास, एवढाच फरक. अशा वेळी अटॅकवाल्याचा पाय पडला तर बॉल जातो गोलकीपरकडं, तो डीमधून थ्रो करतो आणि खेळ चालू.

नवीन पोरांचा पाय का पडतो माहितीये? नजर गोलवर आणि पावलं मोजलेली नाहीत. बॉल हातात धरून तीन पावलं आणि तीन सेकंद, एवढीच सूट आहे. त्यापेक्षा जास्त जायचं तर टप्पे द्यायचे, आणि टप्पे थांबवून बॉल पकडला की परत टप्पे नाहीत. पोरं बॉल घेतात सात मीटरवर आणि मग तीन पावलं टाकतात, तर पाय आत जाणारच ना! रनिंगमध्ये बॉल नऊ मीटरच्याही मागं घ्यायला शीक, तीन पावलांत बरोबर साडेसहा-सातच्या आसपास येतोस आणि तिथून उडी. उजव्या हातानं मारणाऱ्यानं डाव्या पायावर. आमच्या मैदानावर मी रेषेच्या एक वीत अलीकडं जुनी सायकलची ट्यूब कापून टाकून ठेवतो, पाय ट्यूबवर पडला की पोराला स्वतःलाच कळतं, मला ओरडावं लागत नाही.

आणि मघाशी विंगवाला म्हणालो ना, त्याला तर डीवरून उडी मारण्याशिवाय गत्यंतरच नाही. कोपऱ्यातून सरळ मारायला गेला तर त्याला गोलची फट दिसते इतकुशी. म्हणून तो बाहेरच्या पायानं डीच्या मध्याकडं झेप घेतो, हवेत असताना अँगल उघडतो आणि मग सोडतो. तू ज्याला आत पडताना बघितलंस तो बहुतेक असाच विंगवाला असेल. याच्याही पुढची गंमत म्हणजे एकजण डीच्या वर हवेत बॉल उचलून देतो, दुसरा उडी मारून हवेतच पकडतो आणि खाली यायच्या आत मारतो. बर्नहार्ड केम्पा नावाचा जर्मन खेळाडू होता, त्याच्या नावानं याला केम्पा म्हणतात. तुम्ही एवढ्यात करायला जाऊ नका पण, आधी साधा जंप शॉट बसू दे.

आता हवेचं झालं, जमिनीवरच्या बॉलचं बघू, कारण इथं पोरं सगळ्यात जास्त फसतात. बॉल डीमध्ये जमिनीवर घरंगळत असेल किंवा पडून असेल तर त्याला फक्त गोलकीपर हात लावणार. तू बाहेर उभा राहून, पाय रेषेच्या बाहेर ठेवून, वाकून आतला घरंगळता बॉल ओढलास तरी चूकच. माझ्याकडं एक मुलगी पिव्होट खेळायची, म्हणजे डीच्या रेषेला लागून डिफेन्सच्या भिंतीत उभी राहणारी अटॅकवाली, हात लांब, गोलकीपरनं अडवलेला बॉल घरंगळत रेषेकडं यायचा आणि ही वाकून उचलायची, आणि दर वेळी शिट्टी. तिचं म्हणणं, सर माझा पाय तर बाहेर होता! बरोबर, पाय बाहेर होता, पण बॉल आत जमिनीवर होता. तिला शेवटी एवढंच सांगितलं की उडालेला बॉल तुझा, घरंगळणाऱ्या बॉलची वाट बघायची. रेषा पूर्ण ओलांडून बाहेर आला की मग झडप घाल. तीच हुशारी डिफेन्सवाल्यालाही लागू. आपल्याच गोलकीपरच्या डीमधला घरंगळता बॉल आपल्या डिफेन्सवाल्यानं उचलला तर समोरच्याला फ्री थ्रो.

डिफेन्सवाल्याच्या पायाचं जरा वेगळं आहे. तो बचाव करताना डीमध्ये शिरला आणि त्याचा त्याला फायदा झाला तर फ्री थ्रो. पण शिरून त्यानं समोरच्याचा क्लिअर चान्स मोडला, म्हणजे पोरगा मोकळा होता, मारणारच होता आणि हा आतून येऊन आडवा आला, तर सेव्हन मीटर, म्हणजे पेनल्टी. इथं मात्र नुसती टाच रेषेला लागली म्हणून पेनल्टी मागायची नाही, सेव्हन मीटरसाठी डिफेन्सवाला स्पष्ट आत गेलेला असावा लागतो. बाहेरून पालक ओरडतात, सर लाइन लाइन! तर लाइनवर सेव्हन मीटर मिळत नसतो. आणि कुणी बॉलशिवाय चुकून आत गेला, कसलाच फायदा झाला नाही, तर रेफ्री काहीच देत नाही, खेळ चालू ठेवतो. म्हणून काही वेळा पाय आत दिसतो आणि शिट्टी वाजत नाही. पण विंगवाला मुद्दाम डीमधून आडवा पळत जाऊन पलीकडं मोकळा उभा राहिला आणि त्याला पास गेला, तर तो फायदा झाला, बॉल गेला.

गोलकीपरचं थोडक्यात सांगतो. आत असताना तो राजा आहे, पावलं मोजायची नाहीत, तीन सेकंद नाहीत, अडवताना पायानं मारला तरी चालतं, फक्त थ्रो करायला मुद्दाम उशीर लावायचा नाही. त्यानं अडवलेला बॉल गोलच्या बाजूनं मागं बाहेर गेला तर कॉर्नर वगैरे काही नाही, बॉल त्याचाच. तोच बॉल डिफेन्सवाल्याच्या हाताला लागून मागं गेला असता तर अटॅकला कोपऱ्यातून थ्रो-इन. हे फुटबॉलवाल्या पोरांना पटायला दोन आठवडे लागतात. दुसरी फुटबॉलची सवय म्हणजे बॅक पास. अडकलास आणि बॉल आपल्या गोलकीपरकडं डीमध्ये टाकलास, त्यानं हात लावला की समोरच्याला फ्री थ्रो. गोलकीपरनं बॉल घ्यायचाच असेल तर त्यानं डीच्या बाहेर यायचं, मग तो तुमच्यासारखाच साधा खेळाडू, तीन पावलं तीन सेकंद लागू, आणि बॉल घेऊन परत आत जायचं नाही. तसंच आत पकडलेला बॉल हातात घेऊन बाहेरही यायचं नाही. फेकताना पाय रेषेवर गेला तर काही वेळा रेफ्री नुसता थ्रो परत घ्यायला लावतो, काही वेळा फ्री थ्रो देतो, ते त्यानं आधी शिट्टी दिली होती का यावर असतं, तेवढ्या खोलात तू आत्ता जाऊ नकोस.

आता पॅसिव्ह. हा नियम डीमुळंच लागतो असं मला तरी वाटतं. बघ ना, अटॅकवाल्याला ६ मीटरच्या आत पाय टाकता येत नाही, म्हणून डिफेन्सचे सहाच्या सहा जण रेषेला चिकटून भिंत करून उभे राहतात. त्या भिंतीसमोर तू दहा-अकरा मीटरवर इकडून तिकडं, तिकडून इकडं पास करत बसलास तर बॉल तुझ्याकडून कोण कसा काढणार? कुणी बाहेर आला की मागं भोक पडतं. बास्केटबॉलमध्ये शॉटसाठी घड्याळ असतं, इथं तसं घड्याळ नाही. म्हणजे एका गोलनं पुढं असलेली टीम आरामात दहा मिनिटं काढेल. ते थांबवायला हा नियम आहे. गोल करायचा दिसण्यासारखा प्रयत्न न करता बॉल आपल्याकडं ठेवायचा नाही. फाउल काही नव्हता हे तुझं खरंय, पण चूक तीच होती, तुम्ही मारायला जातच नव्हता.

रेफ्रीला हे कसं दिसतं तेही सांगतो, कारण पोरांना वाटतं रेफ्री मनाला येईल तेव्हा हात वर करतो. मी उभा असताना बघतो की बॉलवाला गोलकडं तोंड करून पळतोय का एका जागी टप्पे देत उभा आहे. पास पुढं जातायत का नुसते आडवे. भिंतीत कुणी घुसायला बघतंय का. बदली खेळाडू रमतगमत आत-बाहेर करतायत आणि तोवर बाकीचे वाट बघतायत का. फ्री थ्रो घ्यायला उगाच वेळ लावतायत का. हे दिसलं की हात वर. ती वॉर्निंग आहे, शिक्षा नाही, तिचा अर्थ एवढाच की आता मारायला जा. त्या क्षणापासून जास्तीत जास्त चार पास. चौथा पास झाल्यावर ज्याच्या हातात बॉल आला त्यानं मारायचंच. नाहीतर शिट्टी, बॉल जिथं होता तिथून समोरच्याला फ्री थ्रो. आणि वॉर्निंगनंतर खेळ जराही बदलला नाही तर रेफ्री चार पास व्हायची वाट न बघताही शिट्टी मारू शकतो.

हा चारचा आकडा जुलै २०२२ पासूनचा आहे. २०१६ पासून तोवर सहा पास होते, आणि त्याही आधी आकडाच नव्हता, सगळं रेफ्रीच्या अंदाजावर. जुने व्हिडिओ बघून शिकणारी पोरं येऊन माझ्याशी सहा पासवरून वाद घालतात, म्हणून सांगितलं.

आता मोजायचं कसं ते एक पूर्ण अटॅक घेऊन बघू. निळी टीम १७-१६ अशी पुढं, दोन मिनिटं राहिलीत. सेंटरवाला बारा मीटरवर उभा राहून टप्पे देतोय. हात वर. इथून मोजायचं. सेंटरनं लेफ्ट बॅकला, म्हणजे अटॅकमध्ये त्याच्या डाव्या बाजूला खेळणाऱ्याला दिला, एक. लेफ्ट बॅकनं विंगला, दोन. विंगवाला घुसायला गेला, डिफेन्सवाल्यानं धरला, फ्री थ्रो. आता पोरांना वाटतं नवीन सुरुवात झाली. नाही! फ्री थ्रोनं मोजणी शून्यावर येत नाही, दोनवरच थांबलेली आहे. फ्री थ्रो घेऊन विंगनं सेंटरला दिला, तीन. सेंटरनं पिव्होटला आत खुपसला, पण डिफेन्सवाल्याचा हात लागून बॉल साइड लाइनच्या बाहेर गेला. हा पास मोजायचा नाही, कारण तो समोरच्यानं मोडला, अजून तीनच. थ्रो-इन लेफ्ट बॅककडं, चार. आता त्यानं मारलंच पाहिजे. त्यानं जंप शॉट मारला, भिंतीनं हात वर करून ब्लॉक केला आणि बॉल उडून परत निळ्याच्या सेंटरच्या हातात. अशा वेळी एक जादा पास मिळतो. ब्लॉक झाला तर एक, चौथ्या पासनंतर फ्री थ्रो किंवा थ्रो-इन मिळाला तरी एक. ही सवलत नसती तर डिफेन्सवाल्यांनी चौथ्या पासनंतर नुसतं धरून ठेवलं असतं आणि बॉल फुकट मिळवला असता. तर सेंटरनं तो जादा पास राइट बॅकला दिला, त्यानं मारला, गोलकीपरच्या छातीवर आदळून बॉल उडाला आणि हवेतच निळ्या पिव्होटच्या हातात आला. आता वॉर्निंग संपली. शॉट गोलकीपरला किंवा खांबाला लागून अटॅककडं परत आला की नवा अटॅक, पास मोजणं बंद, परत पहिल्यापासून बांधणी करता येते.

वॉर्निंग संपायचा दुसरा रस्ता म्हणजे डिफेन्सवाल्याला कार्ड किंवा दोन मिनिटं मिळणं. साध्या फाउलनं संपत नाही, शिक्षा झाली तरच. भिंतीला लागून परत आलेल्या बॉलनंही संपत नाही, हा फरक मोठी मोठी पोरंसुद्धा विसरतात. भिंत वेगळी, गोलकीपर वेगळा.

मोजणं रेफ्री डोक्यात करतो, आणि चुकतोही. मी स्वतः एका मॅचमध्ये अर्धवट राहिलेला पास धरून बसलो आणि एक पास आधीच शिट्टी मारली, कोचनं मला बोटं दाखवून दाखवून मोजलं, पण दिलेला निर्णय दिला. कितवा पास हे रेफ्रीनं जे बघितलं तेच धरतात, त्यावर वाद चालत नाही. म्हणून माझ्या पोरांना मी सांगतो की चौथ्यापर्यंत ताणूच नका, तिसऱ्याला मारायची तयारी ठेवा.

आणि त्यासाठी प्रॅक्टिसमध्ये हे करून बघ. बाहेर बसलेल्या एकानं मध्येच हात वर करायचा आणि सगळ्या टीमनं मोठ्यानं मोजायचं, एक, दोन, तीन. सुरुवातीला हात वर गेला की पोरं घाबरून पंधरा मीटरवरूनच कसाही बॉल फेकतात, गोलकीपर हसत पकडतो. चार पास खूप असतात खरं तर. आमचा ठरलेला प्रकार असा: हात वर दिसला की जो पहिला बघेल त्यानं ओरडायचं, पहिला पास सेंटरकडं, दुसरा पळत येणाऱ्या बॅकला, तो आपल्या समोरच्या डिफेन्सवाल्यावर सरळ चालून जातो, दोघेजण त्याच्यावर आले की कडेचा विंग मोकळा होतो, तिसरा पास त्याला, आणि तो डीवर उडी मारतो. चौथा पास शिल्लक राहतो, काही बिघडलं तर पिव्होटसाठी.

परवा एका गोलनं पुढं होता तर तुम्हाला वेळ काढायचाच होता हे मला कळतं, सगळेच काढतात. पण तो पळत काढायचा. गोलकडं घुसायचं, फ्री थ्रो मिळवायचा, परत घुसायचं. डिफेन्स तुम्हाला सारखं धरून खेळ मोडत असेल आणि तुम्ही खरंच घुसत असाल तर चांगला रेफ्री हात वर करायची घाई करत नाही. उभं राहून टप्पे दिलेस की मात्र दहा-पंधरा सेकंदांतसुद्धा हात वर जाऊ शकतो.